गाणं सुचवा म्हणताना आधी काय सांगावं: भाव, लय की वाद्य?

हवं ते संगीत मनात वाजत असतं, पण त्याचं नाव माहीत नसतं. अशा वेळी सांगण्यासारख्या तीन गोष्टी हाताशी असतात: भाव, लय आणि वाद्यं. तिन्ही सांगता आल्या तर उत्तमच. पण समोरचा माणूस पहिलं वाक्य ऐकूनच शोधायला लागतो, म्हणून सुरुवात कशाने करायची हे ठरवावं लागतं. माझं मत असं की दुकानात वाद्यापासून सुरुवात करावी आणि मित्राकडे भावापासून. लय दोन्हीकडे सांगावीच.

एकदा रेकॉर्डच्या दुकानात मी म्हणालो, "काहीतरी शांत द्या." दुकानदाराने दोन गोष्टी ऐकवल्या. एकीत सिंथेसायझरचे लांबच लांब सूर होते, ठेका नव्हताच. दुसरीत एकटी बासरी होती. दोन्ही शांत होत्या, पण मला हवं होतं ते यातलं नव्हतं. चूक त्यांची नव्हती. 'शांत' हा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम आहे आणि तो शंभर वाटांनी साधता येतो. दुकानातली मांडणी मात्र कलाकार आणि प्रकार यांनुसार असते. 'शांत' नावाचा कप्पा सहसा नसतो.

पुढच्या खेपेला मी सांगितलं, "पियानो पुढे. मागे बोटांनी छेडलेला डबल बास. ड्रम काठ्यांनी नाही, ब्रशने वाजवलेले. सावकाश चालल्यासारखी लय. गाणारं कुणी नको." ब्रश म्हणजे बारीक तारांचा पंखा. तो ड्रमच्या कातड्यावरून फिरवला की झाडलोट केल्यासारखा सळसळता आवाज येतो. एवढ्यावर दुकानदार सरळ जॅझमधल्या पियानो त्रिकुटांकडे गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एकटा पियानो चालेल का?" वाद्याच्या वर्णनाने थेट कप्पा सापडतो, तो असा.

वाद्याचं नाव येत नसेल तर आवाज कसा सुरू होतो आणि कसा संपतो ते सांगावं. छेडलेल्या तारेचा आवाज सुरुवातीला ठसठशीत असतो आणि मग विरत जातो. गजाने वाजवलेला किंवा फुंकलेला सूर धरून ठेवता येतो, मध्येच फुगवताही येतो. "गिटारसारखं, पण सूर विरत नाही, ताणला जातो" एवढं सांगितलं तरी निम्मे पर्याय गळतात. वाद्य पुढे आहे की मागे, हेही बोलावं. नुसतं 'व्हायोलिन' म्हटलं तर एकट्या व्हायोलिनपासून तीसजणांच्या ताफ्यापर्यंत काहीही पुढ्यात येऊ शकतं.

लय मोजता येते, म्हणून ती सगळ्यांत बिनचूक वाटते. पाय आपोआप आपटतो ते ठोके १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा, की मिनिटाचे ठोके मिळाले. पण इथे एक फसगत हमखास होते. त्याच गाण्यावर एकजण ७० मोजतो आणि दुसरा १४०, कारण दुसरा मधल्या ठोक्यांवरही पाय आपटतो. दोघांचंही बरोबर असतं. शिवाय ७० च्या लयीतही झांजा भराभर वाजत असतील तर गाणं धावतंय असंच वाटतं. म्हणून आकड्यासोबत भरणा सांगावा: ठोक्यांच्या मध्ये मोकळी जागा हवी की सतत काहीतरी वाजत राहायला हवं? 'संथ' म्हणून मागितलेलं गाणं घाईचं वाटलं, तर बहुतेक वेळा गफलत इथेच झालेली असते.

मित्राचं गणित वेगळं. तेच पियानो-बास-ब्रशचं वर्णन मी एका मैत्रिणीला ऐकवलं, तर तिने तंतोतंत तसलीच चार गाणी पाठवली. चांगली होती, पण चौथ्यापर्यंत येईतो पहिलं कुठलं ते आठवेना. मग तिला म्हटलं, "रात्री जेवणं आटोपल्यावर लावायचंय. दिवस संपल्यासारखं वाटावं, पण उदास नको. लय तेवढी संथच." तिने नायलॉनच्या तारांची एकटी गिटार पाठवली. माझ्या वर्णनात गिटार कुठेच नव्हती आणि मला ती त्या चारांपेक्षा जास्त भावली. मला आधी काय आवडलं होतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून भावाचा शब्द तिच्यापाशी नेमका झाला. अनोळखी दुकानदाराकडे ही ओळख नसते.

मित्रालाही नुसतं 'उदास' किंवा 'आनंदी' म्हणून भागत नाही. उदास शब्दांची गाणी नाचायच्या लयीतही असतात. "रडू येईल असं नको, खिडकीशी बसावंसं वाटेल असं" म्हटलं की त्याला धागा मिळतो.

दुकानदार ओळखीचा असेल तर त्यालाही मित्रासारखं भावापासून सांगता येतं. आधी घेतलेलं कुठलं आवडलं आणि कुठलं दोनदाच ऐकून ठेवून दिलं, एवढं मात्र त्याच्या कानावर घालावं.