ठोक भाव की लाकूड वेगळं?
सांगलीत सागवानी पलंगाचा लाकूड-मजुरी सगळं धरून एकच ठोक भाव सांगितला की गिऱ्हाईक खूश, पण समजा 8 घनफूट लाकूड घनफुटाला 3500 नं धरलं आणि वखारीत जाईपर्यंत भाव 3900 झाला तर 3200 रुपये सरळ आपल्या मजुरीतनं जातात, मग आतल्या फळ्या हलक्या लावायचा मोह होतो आणि तिथंच काम बिघडतं.

दुसरी पद्धत, मजुरी-पॉलिश-हार्डवेअर फिक्स, लाकूड वखारीच्या बिलाप्रमाणं. घनफूट मात्र कोटेशनमध्येच लिहा, कटाईतली घट धरून, नाहीतर गिऱ्हाइकाला वाटतं आपण वाया घालवलेलं लाकूड त्याच्या माथी मारतोय. भाव उतरला तर फायदा त्यालाच. डिलिव्हरी दोन महिन्यांनी असेल तर मला हीच बरी वाटते. अॅडव्हान्स मिळाल्या मिळाल्या लाकूड उचलणार असाल तर ठोक भाव चालतोय की.