पंचवीस हजारांचं पॅकेज: जाहिरातीचे पैसे फीच्या आत की बाहेर?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या फर्निचर शोरूमचं उदाहरण धरू. डिजिटल मार्केटिंगवर महिन्याला २५ हजार खर्चायची मालकाची तयारी आहे. टेबलावर दोन एजन्सींची प्रपोजल्स आहेत. पहिलीत लिहिलंय, ‘२५,००० जीएसटीसह, सगळं त्यात : १२ पोस्ट, ४ रील, जाहिरात, रिपोर्ट.’ दुसरीत लिहिलंय, ‘फी १२,००० अधिक जीएसटी, ८ पोस्ट, २ रील, जाहिरातीचा खर्च तुमच्या कार्डावरून.’ बहुतेक मालकांना पहिलं स्वस्त वाटतं, कारण आकडा एकच आणि पोस्टही जास्त. मी स्वतः अशी प्रपोजल्स बनवतो, तरी माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. का, ते हिशेबानेच दाखवतो.

दोन्हीकडे खिशातून २५ हजारच जातात असं समजू.

| | सगळं आत | जाहिरात वेगळी |
|---|---|---|
| एकूण खर्च | २५,००० | २५,००० |
| त्यातला जीएसटी | ३,८१४ | ३,८१४ |
| एजन्सीची फी | सांगितलेली नाही | १२,००० |
| प्रत्यक्ष जाहिरात | सांगितलेली नाही | ९,१८६ |

दुसऱ्या रकान्याची मांडणी अशी. १२,००० फीवर १८% म्हणजे २,१६०, मिळून १४,१६०. उरले १०,८४०. गूगल असो की मेटा, जाहिरातीवर १८% जीएसटी लागतोच, म्हणून त्यातले ९,१८६ प्रत्यक्ष जाहिरातीला लागतात, दिवसाला साधारण ३०० रुपये. सांगली-मिरज-कुपवाड एवढ्याच भागात एका शोरूमची जाहिरात चालवायला ३०० रुपयांत सुरुवात नक्की करता येते.

पहिल्या रकान्यात तेच दोन आकडे कोरे आहेत, आणि खरी अडचण तिथेच आहे. कर वजा जाता एजन्सीच्या हाती २१,१८६ येतात. त्यातून जाहिरातीवर सात हजार लावायचे की दोन, हे ती ठरवते, आणि न लावलेला प्रत्येक रुपया तिचा नफा होतो. याला लबाडी म्हणायची गरज नाही. महिनाअखेरीला पगार करायचे असले की हात आपोआप आखडतो. रिपोर्टमध्ये मग ‘रीच ४२,०००’ असं मोठं काहीतरी दिसतं, खर्चाचा आकडा मात्र नसतो. ‘अ‍ॅड्स मॅनेजरमधला “Amount spent” हा रकाना दर महिन्याला दाखवाल का?’ एवढं एकच विचारा. उत्तराला आढेवेढे आले तर कोऱ्या जागेत काय आहे ते समजलं.

याहून मोठा फरक मला वाटतो तो हंगामाचा. फर्निचरचा धंदा बारा महिने सारखा नसतो. आषाढात आणि पितृपक्षात शोरूममध्ये माश्या मारायची वेळ येते, आणि दसरा-दिवाळीत उसंत नसते. जाहिरात वेगळी असेल तर तुम्ही आषाढात तीन हजारच लावता आणि वाचलेले पैसे दसऱ्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत ओतता. फी तीच राहते, कारण पोस्ट, फोटो, फोन यांचं काम चालूच असतं. ‘सगळं आत’मध्ये हे जमत नाही. आषाढात वाचलेले पैसे परत मिळत नाहीत आणि दसऱ्याला वाढवायचे म्हटलं की नवीन कोटेशन येतं.

आता खातं कुणाचं, याकडे येऊ. पहिल्या पद्धतीत जाहिरात बहुधा एजन्सीच्या अ‍ॅड अकाउंटवरून चालते. करार संपला की तिथला सगळा इतिहास, म्हणजे कोणती जाहिरात चालली, कुणी चौकशी केली, तिथेच राहतो. ते खातं उचलून तुमच्याकडे देता येत नाही. म्हणून बिझनेस पोर्टफोलिओ, पेज, अ‍ॅड अकाउंट, गूगल बिझनेस प्रोफाइल, डोमेन हे सगळं तुमच्या ईमेलवर असावं आणि एजन्सीला त्यात फक्त काम करण्यापुरता प्रवेश असावा. ‘कार्ड सारखं अडकतं, आमच्याकडूनच भरतो’ असं सांगितलं जातं. अडकतं हे खरंही आहे, पण यूपीआयने आधी पैसे भरून खातं चालवता येतं.

खातं तुमचं असण्याचा कराशीही संबंध आहे. तुमचा जीएसटी नंबर अ‍ॅड अकाउंटमध्ये पहिल्या दिवशीच भरला तर जाहिरातीवरच्या १,६५४ आणि फीवरच्या २,१६० रुपयांचं इनपुट मिळतं, म्हणजे ते तुमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा होतात. शोरूमला हे जमतं. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला किंवा मिरजेतल्या एखाद्या दवाखान्याला इनपुट मिळत नाही, त्यांना तो खर्चच धरावा लागतो. अशांना नोंदणी नसलेली छोटी एजन्सी स्वस्त पडते, कारण सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी बंधनकारक नसते. मात्र नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावायचा नाही. ‘+१८%’ दिसलं की बिलावर नंबर आहे का ते बघा.

पोस्टच्या आकड्यांचं फार मनावर घेऊ नका. बारांपैकी पाच-सहा ‘हार्दिक शुभेच्छा’ असतात. तयार डिझाइन, खाली तुमचा लोगो. गणपतीत एकाच एजन्सीच्या सराफाकडे, क्लासकडे आणि टायरवाल्याकडे तोच मोदक दिसतो. सणांच्या पोस्ट मोजणीतून बाहेर काढायला सांगा आणि त्याऐवजी महिन्यातून एकदा शोरूममध्ये येऊन अर्धा दिवस शूट लिहून घ्या. तुमचा सोफा, तुमचा सुतार, पलूसला पोचवलेली ऑर्डर. रील दोनच असले तरी चालतील.

आणखी दोन पद्धती बाजारात दिसतात. पहिली टक्केवारीची : जाहिरात खर्चाच्या १५% फी, पण ‘किमान ८,०००’. खर्च ५३ हजारांच्या वर जाईपर्यंत त्या १५ टक्क्यांना काही अर्थच नाही, तोवर ती आठ हजारांची ठरलेली फी आहे. वर गेलात की एजन्सीचा फायदा तुमचा खर्च वाढवण्यात. मोठ्या बिल्डरला ठीक, आपल्या शोरूमला नाही.

दुसरी ‘लीड’मागे, म्हणजे आलेल्या दर चौकशीमागे पैसे. ऐकायला सर्वांत न्याय्य. पण फेसबुकच्या फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरलेले येतात, लोक अंगठा दाबून मोकळे होतात. फोन लावला की, ‘मी कधी भरला?’ घ्यायचीच असेल तर लीड म्हणजे काय ते आधी लिहून घ्या : नंबर लागतो, माणूस ठरलेल्या तालुक्यांतला आहे, फर्निचरबद्दलच विचारतोय, आणि तोच नंबर दुसऱ्यांदा मोजायचा नाही. फॉर्म ‘Higher intent’ प्रकारचा लावायला सांगा. त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायची पायरी येते, लीड कमी होतात, पण बोलणारे वाढतात.

मुदतीबाबत माझं सांगणं सोपं आहे. वर्षभराचे पैसे आगाऊ देऊन १५% सूट घेण्यापेक्षा तीन महिने घ्या, नंतर महिन्याची नोटीस. पहिला महिना खाती लावण्यात आणि शूटमध्येच जातो, त्यामुळे तीन महिन्यांआधी निकाल काढण्यात अर्थ नाही. दिवाळीसाठी हवं असेल तर सुरुवात श्रावणात करा.

‘सगळं आत’ एका प्रसंगी चालतं : जाहिरात चालवायचीच नाही, फक्त पेज जिवंत ठेवायचंय. पण मग त्याला २५ हजार नकोत. आणि महिन्याला दहा हजारांच्या आत बसवायचं असेल तर दरमहा फीचा कुठलाच रिटेनर घेऊ नका. एकदाच पैसे देऊन गूगल बिझनेस प्रोफाइल नीट लावून घ्या, वेळा, फोटो, नकाशावरची जागा तपासा, आणि परीक्षण मागायचं काम काउंटरवरच्या पोराला द्या.