बिलांचे फोटो काढायचं लेक्चर: आठ महिने तसं करून पाहिल्यावर

फेब्रुवारीत आमच्या व्यापारी असोसिएशनच्या हॉलमध्ये एक दीड तासाचं लेक्चर झालं, विषय एवढाच की खरेदीच्या बिलाचा मोबाईलवर फोटो कसा काढायचा म्हणजे सॉफ्टवेअरला त्यातला पार्टीचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रकमा बरोबर वाचता येतील. बोलायला एक अकाउंटंट बाई होत्या, रोज अशी शेकड्याने बिलं त्यांच्या हाताखालून जातात. माझं हार्डवेअर आणि सॅनिटरीचं दुकान आहे, महिन्याला दीडशेच्या आसपास खरेदीची बिलं असतात, आणि त्यातलं साधारण दर चौथं बिल आमच्या पोराला परत हाताने टाईप करावं लागायचं. आता ऑक्टोबर चालू आहे म्हणून लिहितोय, काय उपयोगी पडलं आणि कुठे अडतं ते.

बाईंनी सगळ्यात जास्त वेळ उजेडावर घेतला. मला विचाराल तर आठ महिन्यांनी वाटतं की सपाटपणावर घ्यायला हवा होता, पण उजेडाचं त्यांनी जे कारण सांगितलं ते डोक्यात पक्कं बसलं. ए-फोर बिल फोटोत पूर्ण भरायचं तर फोन कागदापासून जेमतेम एक वीतभर वर येतो, आणि ट्यूब डोक्यावर असली की फोनची आणि हाताची सावली नेमकी बिलावर पडते. मग आपण फ्लॅश लावतो, तर फ्लॅशचा पांढरा ठिपका मधोमध येतो आणि तिथली अक्षरं गायब होतात. लांबून काढला तर सावली जाते पण बिल अर्ध्या फोटोत बसतं, मग अक्षरं तेवढीच बारीक होतात आणि एचएसएन कोडसारखे छोटे आकडे फुटायला लागतात. त्यामुळे उजेड बाजूने यायला पाहिजे, वरून नाही. आम्ही आता दुकानाच्या शटरपासून चार फूट आत, ऊन थेट येत नाही पण बाहेरचा उजेड आडवा येतो अशा जागी एक स्टूल ठेवलंय, फोटो तिथेच काढायचे. संध्याकाळी सातनंतर आलेली बिलं तशीच ठेवतो, दुसऱ्या दिवशी सकाळी काढतो.

अँगलचं एकच सांगते म्हणाल्या, फोन कागदाला समांतर. एवढ्या जवळून फोन जरासा जरी कलला तरी बिलाचं लांबचं टोक लगेच बारीक होतं. कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेषा चालू केल्या आणि बिलाच्या कडा त्या रेषांना लावल्या की काम होतं, आमचा पोरगा हे आठवड्यात शिकला.

आता सपाटपणा. आमच्याकडे बिलं ट्रान्सपोर्टवाल्याच्या पाकिटातून चार-सहा घड्या पडून येतात, कधी पाईपच्या बंडलला सुतळीने बांधलेली, नुसती टेबलावर ठेवली तर मधून फुगलेली असतात. डोळ्याला ते काहीच वाटत नाही कारण आपण ओळ धरून वाचतो, पण फोटोत कागद फुगला की ओळ मधे वर चढते आणि उजवीकडच्या टोकाला खाली येते, मग सॉफ्टवेअर डावीकडचं मालाचं नाव एका ओळीतलं घेतं आणि रक्कम दुसऱ्याच ओळीतली. आमच्याकडे एका बिलात बॉल व्हॉल्व्हच्या नावापुढे टेफ्लॉन टेपचा रेट लागला होता तो असाच, आणि बेरीज तर बरोबर येत होती कारण सगळ्या रकमा होत्या, फक्त जागा बदललेल्या. स्टॉकमधले रेट बघताना योगायोगाने दिसलं.

घडीचा प्रॉब्लेम वेगळा. एप्रिलमधलं एक बिल सांगतो. नळ आणि फिटिंग, करपात्र रक्कम १८,४५०, सीजीएसटी १,६६०.५०, एसजीएसटी तेवढाच, एकूण २१,७७१. घडी नेमकी खालच्या टॅक्सच्या तक्त्यातून उभी गेलेली, तिथली शाई घासून गेलेली, त्यामुळे ८ ची डावी बाजू पुसट, आणि फोटोत तो ३ झाला. म्हणजे १३,४५०. हे पकडलं गेलं कारण १३,४५० वर १८ टक्के म्हणजे २,४२१ होतात आणि बिलात टॅक्स ३,३२१ आहे, शिवाय एकूण रकमेत बरोबर ५,००० चा फरक, सॉफ्टवेअरने लाल करून दाखवलं. जीएसटी नंबरचंही तसंच, १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे म्हणजे आपले २७, पुढचे दहा पॅन, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदावरून हिशोबाने निघतं, त्यामुळे एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं तर जुळत नाही आणि लगेच कळतं.

पण बिल नंबरला असा कुठलाच ताळा नाही! हे बाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी तेव्हा फार लक्ष दिलं नाही. मे महिन्यात एका बिलाचा नंबर ०३८६ होता तो ०३३६ म्हणून गेला, रकमा सगळ्या बरोबर, कुठे काही लाल नाही. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर २बी आल्यावर जुळवताना ते बिल सापडेना, आम्ही पार्टीला फोन करून करून विचारतोय की रिटर्नमध्ये आमचं बिल का नाही टाकलं, आणि त्यांनी टाकलेलं होतं. माझ्याकडून उगीच वाईट बोललं गेलं त्यांना, नंतर माफी मागितली. फोटो परत उघडला तर बिल नंबरवर आमच्याच पोराने मारलेला ‘माल मिळाला’चा जांभळा शिक्का होता. तेव्हापासून नियम केला, आधी फोटो, मग शिक्का, मग पेनाच्या खुणा. आणि फोटो काढल्यावर तिथेच झूम करून बिल नंबर डोळ्याने वाचायचा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

सपाट करायला त्यांनी काच ठेवू नका सांगितलं, काचेत ट्यूब दिसते ते खरंच आहे. मी आधी घडी उलटी दुमडून काउंटरच्या कडेवर ओढतो, मग बिलं रात्रभर दोन टाईल्सच्या सॅम्पलखाली ठेवतो. फोटोच्या वेळी खाली काळा मॅट सनमायकाचा तुकडा असतो, म्हणजे पांढऱ्या कागदाच्या चारी कडा सॉफ्टवेअरला स्पष्ट मिळतात (चकचकीत सनमायका घेऊ नका, तो पण चमकतो), आणि दोन्ही बाजूच्या कोऱ्या मार्जिनवर स्टीलच्या पट्ट्या. एका बिलाला अर्धा मिनिट जातो, जास्त नाही. अजून एक, फोटो अकाउंटंटला व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, हे पण तिथेच कळलं.

हाताने टाईप करायची बिलं आता महिन्याला दहा-बारा राहिलीत. ती कुठली, तर डिझेलच्या आणि कुरिअरच्या थर्मल पावत्या ज्या ड्रायव्हरच्या खिशात आठवडाभर राहून फिक्या झाल्या. त्यांचा फोटो त्याच दिवशी काढला तरच चांगला येतो, नंतर कितीही उजेड द्या, कागदावर जे राहिलंच नाही ते कॅमेरा कुठून आणणार. थर्मलला सेलोटेप लावू नका, टेपखालची अक्षरं उडतात, आणि सुरकुती काढायला गरम इस्त्री तर अजिबात नाही, अख्खी पावती काळी होते. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात आणि या पावत्या तेवढ्या टिकत नाहीत, म्हणून त्यांची झेरॉक्सही काढून जोडून ठेवतो.

दुसरी म्हणजे कार्बनची गुलाबी तिसरी कॉपी आणि मराठीत हाताने लिहिलेल्या हमाली-भाड्याच्या चिठ्ठ्या. यावर लेक्चरमध्ये कोणीतरी विचारलं होतं, बाई म्हणाल्या, ‘शेठ, ती हातानेच टाका, फोटोवर वेळ घालवू नका.’ मी तरीही दोन महिने प्रयत्न केला, बाजूचा उजेड, काळा सनमायका सगळं करून, आणि बहुतेक वेळा काहीतरी चुकलंच. आता गुलाबी कॉपी आली की पार्टीकडून पहिली पांढरी कॉपी मागवतो, सहापैकी चार जण न कुरकुरता देतात, आणि चिठ्ठ्या पोरगा शनिवारी बसून टाईप करतो.