लोकलमध्ये ऐकत अभ्यास करायला स्लाइड वाचून रेकॉर्ड करायची की प्रश्न-उत्तरात लिहायची?

किडनीच्या नेफ्रॉनची स्लाइड घ्या. बुलेट जसेच्या तसे वाचून रेकॉर्ड केले तर काम पटकन होतं, पण आकृतीतले बाण ऐकू येत नाहीत, आणि दादरला गर्दी चढली की दोन वाक्यं निसटतात मग पुढचं काहीच कळत नाही.

प्रश्न-उत्तराची स्क्रिप्ट लिहायला वेळ जातो, तरी मी तीच घेईन. "रोज साधारण १८० लिटर गाळलं जातं, मग लघवी दीड लिटरच का?" पाच सेकंद गप्प, तेवढ्यात आपण मनात उत्तर द्यायचं, मग ऐकायचं: बाकीचं पाणी नलिकेतून परत रक्तात जातं, त्यातलं बरंचसं पहिल्या वळणदार भागातच. बाणाचा रस्ता असा वाक्यात येतो. आकडे मात्र दोनदा बोला.

मोठे तक्ते दोन्हीत फसतात, ते घरी कागदावरच करा.