जुन्या ग्राहकांची दरवाढ: सरसकट, कायमचा जुना दर, की तारखेपर्यंतचा?

नवीन ग्राहकासाठी दर वाढवायचा तर वेबसाइटवरचा आकडा बदलला की झालं. प्रश्न असतो तो आधीपासून दरमहा पैसे भरणाऱ्यांचा. खाली एक हिशोब मांडलाय. ज्यांना येत्या काही महिन्यांत हा निर्णय घ्यायचाय त्यांनी आपले आकडे त्यात घालून बघावेत.

समजा, किराणा आणि मेडिकल दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर आहे. ८०० दुकानं महिना २९९ रुपये अधिक जीएसटी भरतात. आता दर ३९९ करायचाय. दरवाढ न करताही दर महिन्याला साधारण पावणेतीन टक्के ग्राहक गळतात: कुणाचं दुकान बंद होतं, कुणी दुसरं सॉफ्टवेअर घेतं, कुणी वहीवर परत जातं. ही नेहमीची गळती लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावर बेतलेलं आहे.

सरसकट वाढ

आज महिन्याची जमा २,३९,२०० रुपये. ३९९ दराने तेवढीच जमा व्हायला ६०० ग्राहक पुरतात. म्हणजे चारातला एक गेला तरी गल्ला तेवढाच राहतो. प्रत्येक ग्राहकामागे सर्व्हर, एसएमएस आणि फोनवरची मदत मिळून ६० रुपये खर्च धरला, तर गेलेल्या ग्राहकाबरोबर तो खर्चही जातो आणि ही मर्यादा आणखी थोडी वर सरकते. मालकाच्या मनातली भीती या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा मोठी असते. म्हणून दर ठरवण्याआधी ही मर्यादा कागदावर काढावी.

पण वाढ किती आहे यावर सगळं आहे. २०११मध्ये नेटफ्लिक्सने अमेरिकेत डीव्हीडी आणि स्ट्रीमिंग वेगळं केलं आणि दोन्ही घेणाऱ्याचं बिल ९.९९ डॉलरवरून १५.९८वर नेलं. त्या तिमाहीत त्यांचे अमेरिकेतले सदस्य २ कोटी ४६ लाखांवरून २ कोटी ३८ लाखांवर आले. एका झटक्यात साठ टक्के वाढ, तीही आधी एकत्र मिळणाऱ्या गोष्टीचे दोन तुकडे करून. आपल्या उदाहरणातली वाढ तेहतीस टक्क्यांची आहे. तीही लहान नाही.

कायमचा जुना दर

ऐकायला हा सगळ्यात सज्जनपणाचा मार्ग. ‘तुम्ही सुरुवातीपासून आमच्याबरोबर आहात, तुमचा दर कधीच वाढणार नाही.’ पण प्रत्येक ग्राहकामागे महिन्याला शंभर रुपये सोडले, तर वर्षभरात सोडलेली रक्कम सव्वाआठ लाखांच्या आसपास जाते, आणि हे नेहमीची गळती धरून. प्रत्यक्षात जास्तच जाईल, कारण स्वस्त दर हातात असलेला ग्राहक नेहमीपेक्षा कमी गळतो.

पैशांपेक्षा त्रासदायक भाग वेगळा आहे. जुन्या दराचा ग्राहक मोठ्या प्लॅनवर जायला तयार होत नाही, कारण एकदा हललो की जुना दर गेला हे त्याला माहीत असतं. मध्येच सहा महिने बंद करून परतलेला ग्राहक जुनाच दर मागतो. बिलिंगमध्ये दोन दर, पुढच्या वाढीनंतर तीन. फोन उचलणाऱ्याला प्रत्येक वेळी आधी ‘हे कोणत्या सालचे?’ ते बघावं लागतं. आणि ‘कधीच नाही’ हा शब्द परत घेता येत नाही. घेतलात तर ती साधी दरवाढ राहत नाही, शब्द मोडला असं होतं.

तरी या मार्गाला एक जागा आहे. पहिल्या वर्षी चुका सोसून ज्यांनी सॉफ्टवेअर घडवायला मदत केली अशी वीस-तीस दुकानं असतील, तर त्यांना कायमचा दर खुशाल द्यावा. निकष मात्र आधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘अमुक तारखेपूर्वी सुरू केलेले’. फोनवर भांडणाऱ्याला जुना दर देण्याची सवय लागली की बाजारपेठेत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं.

ठरावीक तारखेपर्यंत जुना दर

माझा कल इकडे आहे, पण डोळे मिटून नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुन्हा नेटफ्लिक्सचंच. मे २०१४मध्ये त्यांनी नव्या सदस्यांसाठी दर ७.९९वरून ८.९९ डॉलर केला आणि जुन्यांना दोन वर्षं जुना दर ठेवला. दरम्यान नव्यांचा दर ९.९९पर्यंत गेला. २०१६मध्ये मुदत संपली तेव्हा जुन्यांच्या वाट्याला दोन डॉलरची उडी एकदम आली. त्यावर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत कंपनीला जगभरात २५ लाख सदस्य वाढतील असा अंदाज होता. वाढले जेमतेम १७ लाख. जुना दर जाणार या बातम्यांमुळे लोक सोडून गेले, असं कंपनीनेच सांगितलं.

दोन गोष्टी घडल्या. मुदत लांब होती, त्यामुळे दोन दरांतली दरी रुंदावत गेली. आणि मोठ्या संख्येने लोकांची मुदत एकाच सुमारास संपली, त्यामुळे त्याची बातमी झाली. छोट्या धंद्याला दोन्ही टाळता येतं. मुदत सहा ते बारा महिन्यांचीच ठेवायची, आणि ती ग्राहक ज्या महिन्यात सुरू झाला त्या महिन्याप्रमाणे संपवायची, म्हणजे एकाच दिवशी ८०० दुकानं फोन करत नाहीत.

मँडेटची भानगड

तिन्ही मार्गांत भारतात एक अडचण आहे, आणि परदेशी सल्ले वाचून निर्णय घेणारे तिच्यात सापडतात. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरची वर्गणी मँडेटवर, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायला ग्राहकाने आधीच दिलेल्या मंजुरीवर चालते. ते ठरावीक रकमेचं असेल तर वाढीव रक्कम त्यातून कापता येत नाही. ग्राहकाने पुन्हा पिन किंवा ओटीपी टाकून नवं मँडेट मंजूर करावं लागतं. कमाल मर्यादेचं असेल तर मर्यादेच्या आत असेपर्यंत चालतं, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते.

इथे जीएसटी विसरला जातो. ३९९वर अठरा टक्के धरून बिल ४७०.८२ होतं. मर्यादा ४०० ठेवलेली असेल तर दर बसतो, बिल बसत नाही. दरवाढीच्या सूचनेआधी सगळ्या मँडेटची यादी काढून कुणाची मर्यादा किती आहे ते बघावं. ज्यांना नव्याने मंजुरी द्यावी लागणार ते वेगळे काढावेत. नव्या ग्राहकांचं मँडेट आजपासूनच जरा मोठ्या मर्यादेचं घ्यावं, मात्र ती मर्यादा का ठेवली आहे हे त्यांना सांगून.

गळती मोजायची कशी

सूचना पाठवली, तीन महिन्यांत ८३ जण गेले. म्हणजे दरवाढीमुळे ८३ गेले? नाही. त्यातले बरेचसे एरवीही गेले असते. म्हणून सूचना पाठवण्याआधी चिठ्ठ्या टाकून पाचवा हिस्सा बाजूला काढावा आणि त्यांना तीच सूचना तीन महिन्यांनी द्यावी. आपल्या उदाहरणात ६४० जणांना सूचना, १६० मागे. चिठ्ठी एकेका दुकानाची न टाकता बाजारपेठेची टाकलेली बरी. एकाच गल्लीत शेजारच्या दोघांना वेगळे दर दिसले की मोजमाप बाजूला राहतं आणि भांडण सुरू होतं.

सूचना नव्या दराच्या तीस दिवस आधी जाते असं धरू. मग मोजणी नव्वद दिवस चालवावी, म्हणजे प्रत्येकाची वाढीव दराची दोन बिलं त्यात येतात. गळती एकदम होत नाही. काही सूचना वाचून जातात, काही पहिल्या बिलाच्या आदल्या दिवशी, आणि काहींना बँकेच्या मेसेजमध्ये आकडा दिसल्यावर कळतं. पहिल्या आठवड्यात शांतता दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये.

नव्वद दिवसांनी समजा हे दिसलं: सूचना मिळालेल्या ६४०पैकी ८३ गेले, म्हणजे १३ टक्के. मागे ठेवलेल्या १६०पैकी १३ गेले, म्हणजे ८.१ टक्के. दरवाढीमुळे गेले ते फरकाइतके: ४.८ टक्के, साधारण ३१ दुकानं.

आता गेलेल्यांचे दोन ढीग करा. ८३पैकी ४९ जणांनी स्वतः बंद केलं, ३४ जणांचं पेमेंट अडलं आणि त्यांनी नवं मँडेट दिलंच नाही. मागे ठेवलेल्यांत हेच आकडे ९ आणि ४. टक्केवारी काढली तर स्वतः बंद करणाऱ्यांतला फरक २ टक्के आणि पेमेंट अडलेल्यांतला २.८. म्हणजे जास्तीच्या गळतीतला निम्म्याहून मोठा भाग मँडेट अडल्याने झालाय. त्यातल्या काहींना दर पटला नसेल आणि त्यांनी मुद्दाम मंजुरी दिली नसेल, पण बरेच जण केवळ मेसेज न बघितल्याने अडकलेले असतात. त्यांना आधी फोन करावा. हे ढीग न करता ‘तेरा टक्के गेले’ म्हणून दर खाली आणणं म्हणजे नसलेल्या आजारावर औषध.

एवढ्या कमी संख्येत आकडा हलतो, हेही मान्य करावं. ४.८ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांची अनिश्चितता आहे, म्हणजे खरा परिणाम जवळजवळ शून्य असू शकतो किंवा दहा टक्क्यांच्या घरात. पण सरसकट वाढीच्या हिशोबात काढलेली मर्यादा पंचवीस टक्क्यांची होती. दहा धरले तरी दरवाढ टिकते. नेमका आकडा माहीत नसतानाही निर्णय घेता येतो, तो असा. हाच फरक वीस टक्के आला असता तर मागच्या १६० जणांना सूचना पाठवायची घाई मी केली नसती.

चौथ्या महिन्यात वाढीव दराच्या ग्राहकांची गळती पुन्हा पावणेतीन टक्क्यांवर येते का, तेही बघावं. चार-पाचवरच रेंगाळली तर पंचवीस टक्क्यांचा हिशोब बाद, कारण तो गळती एकदाच होते असं धरून केलाय.

हे सगळे आकडे खरे तेव्हाच, जेव्हा बंद करण्याचं बटण सहज सापडतं. बटण लपवून गळती कमी दाखवणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करणं हे ग्राहकांना फसवणाऱ्या प्रकारांत धरलंय.

सूचनेत आणखी एक पर्याय देता येतो: वर्षाचे ३,५८८ रुपये अधिक जीएसटी एकदम भरा आणि वर्षभर जुनाच दर ठेवा. रोख हातात येते, ग्राहकालाही काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं, आणि मुदतीचं वचन आपोआप तारखेचं होतं. पण हे ग्राहक गळतीच्या तक्त्यात ‘राहिले’ या रकान्यात टाकू नका. त्यांनी वाढीव दर अजून बघितलेला नाही. त्यांचा वेगळा रकाना ठेवा आणि वर्ष संपण्याच्या तीस दिवस आधीची तारीख आजच नोंदवून ठेवा; त्यांची मोजणी तिथून सुरू होते.