मराठी-इंग्रजी लग्नपत्रिकेचा नक्षीदार बॉर्डरवाला लेआउट: अख्खा सीझन वापरल्यानंतर

तुळशीची लग्नं आटोपली की आमच्या डीटीपीच्या दुकानात पत्रिकांची गर्दी सुरू होते, आणि यंदा अर्ध्याहून जास्त गिऱ्हाइकांना एकाच कार्डावर मराठी पण हवं आणि इंग्रजी पण. एक घर लालबागचं तर दुसरं माटुंग्याचं तमिळ, वर ऑफिसची मंडळी वेगळीच. दर वेळी पहिल्यापासून मांडणी करत बसायला वेळ नव्हता म्हणून हा तयार लेआउट विकत घेतला. ५ बाय ७ इंचाचं उभं कार्ड, चारही कोपऱ्यांत मोर आणि कोयऱ्या, मधे दुहेरी रेघेची बॉर्डर, सोबत फोनवर पाठवायची एक फाइल. आता सीझन संपत आलाय, तेव्हा बिनधास्त लिहिते.

आधी चांगलं. नक्षी खरंच सुंदर काढलीये. मोराच्या पिसाऱ्यातल्या रेघा जाड-बारीक व्यवस्थित आहेत, कुठेही नेटवरून उचललेलं क्लिपआर्ट वाटत नाही, रंगही दोनच ठेवलेत त्यामुळे छपाईला डोकेदुखी नाही. गिऱ्हाईक स्क्रीनवर बघून लगेच हो म्हणतं, हे नाकारत नाही. पण तुम्ही त्यात आपला मजकूर टाकलात की कळतं, हा आराखडा इंग्रजी कार्डासाठी बनलाय आणि मराठी त्यात नंतर ओतलंय.

कसं ते सांगते. इंग्रजी पत्रिकेचं सगळं वजन मधे असतं, दोन नावं मोठ्ठी, खाली तारीख आणि हॉल, वर-खाली मोकळं. मराठी पत्रिका नेमकी उलटी. वर गणपती, कुलदैवत, ग्रामदैवत, तिघांपैकी एकालाही काढायची कोणाची हिंमत नसते, आणि खाली निमंत्रक, आपले विनीत, मामा-काका-आत्या, शिवाय 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं. म्हणजे आपल्याकडे गर्दी होते ती वर आणि खाली, आणि या लेआउटचे मोर बरोब्बर तिथेच बसलेत.

लालबागच्या त्या पत्रिकेचा हिशोब देते. कार्ड १२७ मिलिमीटर रुंद, बॉर्डर आतल्या बाजूने १५ मिलिमीटरवर संपते, म्हणजे मजकुराला ९७ मिलिमीटर मिळतात. पण कोपऱ्यातला मोर कडेपासून २८ मिलिमीटर आत येतो, त्यामुळे वरच्या पट्ट्यात दोन मोरांच्या मधे उरतात फक्त ७१. 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न' धरून तीन देवांची नावं एका ओळीत ७१ मध्ये बसत नाहीत, अगदी ९ पॉइंटला आणली तरी नाही, आणि ९ पॉइंटला आणली तर आजोबा चष्मा काढून विचारतात की देवाचंच नाव एवढं बारीक का. लेआउटवाल्याने नमुन्यात एकच 'श्री गणेशाय नमः' टाकलंय म्हणून दिसायला झकास दिसतं.

मी शेवटी असं केलं. मोर बॉर्डरच्या आत जेमतेम १३ मिलिमीटर उतरतो, म्हणजे मराठीच्या साधारण दोन ओळी. त्या दोन ओळींच्या जागेत मधोमध छोटा गणपती आणि त्याच्याखाली फक्त गणपतीचं नाव ठेवलं, आणि मोर जिथे संपतात त्याच्या खालच्या ओळीत डावीकडे कुलस्वामिनी, उजवीकडे ग्रामदैवत, तिथे पूर्ण ९७ ची रुंदी मिळते. खालचे दोन्ही मोर मी सरळ काढूनच टाकले आणि तिथे नुसती दुहेरी रेघ चालू ठेवली, कारण आपले विनीतच्या दोन उभ्या रांगा डाव्या-उजव्या कोपऱ्यातच येतात. नक्षी फक्त वर राहिली की दाराला तोरण लावल्यासारखं दिसतं, काही अपुरं वाटत नाही. लालबागवाल्यांना तर तेच जास्त आवडलं. पण यासाठी कोपरे बॉर्डरपासून सोडवावे लागले, कारण फाइलमध्ये सगळी नक्षी एकाच तुकड्यात जोडून दिलीये, आणि ती सोडवण्यात अख्खी दुपार गेली.

दुसरा मोठा विषय ओळींमधल्या अंतराचा. लेआउटमध्ये १४ पॉइंटचा मजकूर १६ च्या लीडिंगवर आहे, जे इंग्रजीला ठीक चालतं. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, त्यामुळे वरच्या ओळीत 'सुपुत्र' आणि बरोबर त्याच्याखाली 'कीर्ती' आलं की सुपुत्रचा उकार कीर्तीच्या रफारात घुसतो. मी मराठीला कमीत कमी २० लावते. आता याची किंमत बघा. आतली उंची साधारण १४८ मिलिमीटर, १६ च्या लीडिंगला २६ ओळी बसतात, २० ला २१ च. पाच ओळी गेल्या. आणि त्या पाच ओळींत कोणाचा तरी काका असतो! गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे 'फॉन्ट जरा लहान करा ना' हा संवाद प्रूफच्या दिवशी होत नाही. माझा तोडगा म्हणजे पत्ते आणि निमंत्रक घडीच्या आतल्या पानावर. लीडिंग मी कमी करत नाही.

ट्रॅकिंगचं, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराचंही तसंच. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ऐसपैस ठेवायची फॅशन आहे, लेआउटमध्ये ती स्टाइल आधीच लावलेली, आणि त्याच बॉक्समध्ये तुम्ही 'शुभविवाह' पेस्ट केलंत की शिरोरेषा तुटून अक्षरागणिक तुकडे लोंबकळताना दिसतात. मराठीच्या स्टाइलमध्ये ट्रॅकिंग शून्य, विषय संपला. इनडिझाइनमध्ये वेलांटी भलत्याच बाजूला गेली किंवा जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसला तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत Adobe World-Ready Paragraph Composer निवडा, आणि कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी करा. भाषा मराठी केली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी पद्धतीचा दंडवाला ल येतो आणि तो शाळामास्तर झालेल्या एका तरी मामांना खटकतोच.

फॉन्टची जोडी हा माझा खरा राग. नमुन्यात इंग्रजी नावं ३६ पॉइंटच्या लफ्फेदार अक्षरात आणि मराठी नावं खाली २० मध्ये. प्रूफ बघून नवरीची आई म्हणाली, "आमची मुलगी खाली कंसात टाकल्यासारखी का वाटतेय?" आणि ते खरंच होतं. सारखा आकडा टाकूनही भागत नाही, कारण एकाच पॉइंटला वेगवेगळ्या फॉन्टची अक्षरं वेगळ्या उंचीची असतात. मी प्रिंट काढून फूटपट्टीने बघते, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची इंग्रजीच्या छोट्या अक्षरापेक्षा जास्त आणि कॅपिटलपेक्षा किंचित कमी आली की दोन्ही भाषा बरोबरीच्या दिसतात. या कार्डावर ते मराठी २६ आणि इंग्रजी २२ वर जमलं. मजकुराला मी मुक्ता वापरते, एक टाइप या मुंबईच्याच मंडळींचा फॉन्ट, फुकट आहे आणि देवनागरी-रोमन दोन्ही एकाच हाताचं असल्यामुळे भांडत नाहीत. जुन्या छापील वळणाचं हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी. एका पोराने हट्टाने यात्रा वन मागितला, लोकल स्टेशनच्या पाट्यांवरून बनलेला तो फॉन्ट, दोघं लोकलमध्ये भेटले म्हणून. नावांना छान दिसला, पण एकाच वजनात येतो त्यामुळे बारीक मजकुराला नको.

आकड्यांचंही आधीच ठरवून टाका. मराठी भागात १२ वाजून ३५ मिनिटं देवनागरीत, इंग्रजी भागात त्यांच्या आकड्यांत, आणि प्रूफ वाचताना दोन्हीकडचा मुहूर्त एकानेच मोठ्याने वाचायचा. दोन भाषांचं प्रूफ दोन घरांनी वेगवेगळं वाचलं की मुहूर्त एकीकडे बदलतो आणि दुसरीकडे जुनाच राहतो.

आता छपाई. बॉर्डरची बाहेरची रेघ कडेपासून फक्त ३ मिलिमीटरवर आहे. कटिंगला गठ्ठा लागतो तेव्हा कागद एखादा मिलिमीटर सरकतोच, मग एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ४ राहतात, म्हणजे सरळ दुप्पट, आणि हे कोणालाही लांबून दिसतं. तीच रेघ ६ वर नेली की ५ आणि ७ होतात, ते डोळ्याला कळत नाही. मी आता प्रत्येक फाइलमध्ये हे पहिल्यांदा बदलते.

सोनेरी फॉइल करणार असाल तर अजून दोन गोष्टी. पिसाऱ्यातल्या सगळ्यात बारीक रेघा पाव मिलिमीटरच्याही खाली आहेत, फॉइलमध्ये त्या तुटक येतात, त्या जाड करून घ्या. आणि मराठी नावांना आउटलाइन करून बाहेरून स्ट्रोक दिला की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत उभी चीर दिसते, कारण शेजारची अक्षरं तिथे एकमेकांवर थोडी चढलेली असतात. इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये शब्द सिलेक्ट करून Unite करा, मग स्ट्रोक द्या. स्क्रीनवर छोट्या झूमला ही चीर दिसत नाही, मोठं करून बघा. गिरगावात खाडिलकर रोडला ज्यांच्याकडे मी फॉइलला देते ते काका फाइल उघडल्या उघडल्या आधी शिरोरेषाच तपासतात, ब्लॉक बनला की पैसे गेले म्हणून.

फोनची फाइल मात्र जवळपास वापरण्यासारखी नाही. त्यांनी छापील कार्डच जसंच्या तसं १०८० पिक्सेल रुंदीला काढलंय. १२७ मिलिमीटरचं कार्ड फोनच्या साधारण ६५ मिलिमीटरच्या पडद्यावर आलं की सगळं निम्मं होतं, ९ पॉइंटचा पत्ता साडेचार पॉइंटसारखा दिसतो, वर व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं ते वेगळंच. मी फोनसाठी बॉर्डर पूर्ण काढते, वर फक्त तोरण, दोन नावं, मुहूर्त, हॉल आणि जवळचं स्टेशन, बाकी मंडळी छापील कार्डावर. इंग्रजीसाठी दुसरी इमेज, एकत्र नाहीच. मावशीला मराठी जाते, ऑफिसच्या ग्रुपवर इंग्रजी.

घ्यावा की नाही विचाराल तर, सॉफ्टवेअर हाताळता येत असेल आणि नक्षीसाठी घेत असाल तर घ्या, पैसे वसूल होतात. घरचं एकच लग्न आहे आणि नावं भरून थेट प्रिंटला द्यायचंय तर नका घेऊ, प्रेसवाल्याकडून मांडणी करून घेतलेली परवडेल. आणि बनवणारे वाचत असतील तर पुढच्या अपडेटमध्ये चार कोपरे आणि चार बाजू वेगवेगळ्या लेयरवर द्या, मराठीची स्टाइल इंग्रजीपासून सुटी करा, आणि नमुन्यात एकदा तरी तीन देव आणि आठ निमंत्रक टाकून बघा.