विल्सन की लेमन? व्हायवात एअरवेचा कोणता स्कोअर मांडावा

अ‍ॅनेस्थेशियाच्या व्हायवात ‘या पेशंटचा एअरवे कसा तपासाल?’ हा प्रश्न आला की उत्तराची सुरुवात कुठून करायची, इथेच बरेच रेसिडेंट अडकतात. स्कोअर पाठ असतात, पण त्यातला कोणता मांडायचा हे ठरलेलं नसतं. माझ्या मते खरी निवड विल्सन आणि लेमन या दोघांत आहे. मॅकोचा स्कोअर आयसीयूतल्या इंट्युबेशनसाठी बनवला आहे आणि त्यात कोमा, तीव्र हायपॉक्सिया, इंट्युबेट करणारा अ‍ॅनेस्थेटिस्ट आहे की नाही, अशा गोष्टींना गुण आहेत. इलेक्टिव्ह केसमध्ये तो काढलात तर पुढचा प्रश्न त्याच्यावरच येतो.

विल्सनचा स्कोअर 1988 चा. वजन, डोकं-मानेची हालचाल, जबड्याची हालचाल, मागे गेलेली हनुवटी आणि पुढे आलेले दात हे पाच घटक, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. बेरीज 2 किंवा जास्त आली की अवघड इंट्युबेशनची शक्यता धरायची. मोजमाप स्पष्ट आहे, ही याची मोठी ताकद. मानेची हालचाल बघताना कपाळावर पेन्सिल उभी धरतात, पेशंटला मान पूर्ण वर आणि पूर्ण खाली करायला सांगतात आणि पेन्सिल किती अंशांत फिरली ते बघतात. साधारण 90 अंश भरले तर 1 गुण, स्पष्टपणे कमी भरले तर 2. जबड्यासाठी दोन गोष्टी एकत्र बघतात: तोंड 5 सेंमी उघडतं का, आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात का. हे हाताने करून दाखवता आलं तर एक्झामिनरचं अर्धं समाधान तिथेच होतं.

लेमन हा मुळात इमर्जन्सीतला चेकलिस्ट आहे. आधी चेहरा बघा, मग 3-3-2 मोजा, मॅलमपाटी, अडथळा, मानेची हालचाल. 3-3-2 म्हणजे पेशंटचीच तीन बोटं उघड्या तोंडात, तीन बोटं हनुवटी ते हायॉइड, दोन बोटं हायॉइड ते थायरॉइड नॉच. त्याला 10 पैकी गुण देता येतात, पण बेरजेपेक्षा त्याचा क्रम जास्त कामाचा. विल्सनमध्ये मॅलमपाटीही नाही आणि वायुमार्गातल्या अडथळ्याला जागाही नाही. लेमनमध्ये दोन्ही आहेत. मॅलमपाटी बघताना पेशंट बसलेला, तोंड पूर्ण उघडं, जीभ बाहेर आणि ‘आ’ म्हणायला न लावता. आवाज काढला की मऊ टाळू वर उचलला जातो आणि ग्रेड खोटा चांगला दिसतो.

आता आकडे. मूळ अभ्यासात विल्सनने 2 च्या कटऑफवर अवघड केसपैकी 75 टक्के पकडल्या, आणि सोप्या केसपैकी 12 टक्क्यांना चुकून अवघड ठरवलं. ऐकायला छान वाटतं. पण 1000 पेशंट घ्या आणि त्यात 20 खरोखर अवघड आहेत असं धरा. स्कोअर त्यातले 15 पकडेल, 5 सोडेल. उरलेल्या 980 पैकी साधारण 118 जणांना उगाच अवघड म्हणेल. म्हणजे स्कोअरने बोट दाखवलेल्या 133 जणांत खरे अवघड 15, नऊमागे जेमतेम एक. अवघड एअरवे मुळातच कमी असल्यामुळे असं होतं आणि कोणताही बेडसाइड स्कोअर यातून सुटत नाही. ‘स्कोअर नॉर्मल आला तर निर्धास्त?’ या प्रश्नाचं उत्तर त्या सुटलेल्या पाचांत आहे.

आता एक केस दोन्ही स्कोअरला लावून बघू. 57 वर्षांचा पुरुष, उंची 170 सेंमी, वजन 96 किलो, बीएमआय 33, दाट दाढी, जोरात घोरतो. पित्ताशयाची लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रिया आहे. तोंड 4.5 सेंमी उघडतं, पण खालचे दात पुढे येतात. मानेची हालचाल 90 अंशांच्या बरीच वर, हनुवटी आणि दात ठीक, 3-3-2 भरतं, मॅलमपाटी तीन.

विल्सन: वजन 90 ते 110 किलोमध्ये म्हणून 1, बाकी सगळे शून्य. बेरीज 1, म्हणजे कटऑफच्या खाली. लेमन: दाढीला 1, मॅलमपाटीला 1, बेरीज 2. दोन्हीकडून फारसा इशारा नाही. पण वय 55 च्या वर, बीएमआय 26 च्या वर, दाढी, घोरणं हे मास्क व्हेंटिलेशन अवघड जाण्याचे लँगरॉनने 2000 मध्ये मांडलेल्या पाचपैकी चार घटक आहेत, आणि दोन असले तरी सावध व्हायचं असतं. पाचवा घटक, दात नसणं, तेवढा इथे नाही. म्हणजे ट्यूब कदाचित सहज जाईल, धोका त्याआधीच्या मास्कचा आहे, आणि विल्सनने तो प्रश्न विचारलेलाच नाही. लेमनला दाढी दिसली, पण एका गुणात संपली.

म्हणून व्हायवात क्रम लेमनचा घ्या, मान आणि जबड्याचं मोजमाप विल्सनचं घ्या, आणि मास्कचे घटक स्वतंत्र वाक्यात सांगा. त्यानंतर सुप्राग्लॉटिक बसेल का आणि मानेतून पुढून मार्ग मिळेल का, हे दोन प्रश्न स्वतःहून मांडा. प्लॅन या चार उत्तरांवर उभा राहतो, बेरजेवर नाही.

या पेशंटचा प्लॅन असा. दाढी कमी करण्याची परवानगी आधीच मागायची. डोक्याकडची बाजू उंच, कान आणि स्टर्नल नॉच एका आडव्या रेषेत. एंड-टायडल ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत प्रीऑक्सिजनेशन, आणि नाकातून ऑक्सिजन पुढेही चालू. क्रिकोथायरॉइड मेंब्रेन भूल देण्याआधीच चाचपून खूण करायची. मास्क दोन्ही हातांनी, सोबत ओरल एअरवे, बॅग दाबायला दुसरा माणूस. पहिल्याच प्रयत्नाला व्हिडिओलॅरिंगोस्कोप. डीएएसच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जास्तीत जास्त तीन प्रयत्न, चौथा फक्त अधिक अनुभवी व्यक्तीचा. नाही जमलं तर सेकंड जनरेशन सुप्राग्लॉटिक, तेही नाही तर मास्क, आणि ऑक्सिजन देताच येत नसेल तर स्काल्पेल, बूजी आणि 6 नंबरची कफ असलेली ट्यूब.

इथे एक्झामिनर हमखास विचारतो: ‘सुगमाडेक्स हाताशी आहे, मग काळजी कसली?’ रोक्युरोनियम दिल्या दिल्या उलटवायचं तर डोस किलोला 16 मिग्रॅ, म्हणजे या पेशंटला 1500 मिग्रॅच्या वर. तेवढं काढून, भरून देईपर्यंत वेळ जातो. शिवाय स्नायू जागे झाले म्हणून बंद पडलेला वायुमार्ग उघडतोच असं नाही. इंडक्शनच्या औषधाचा अंमल असतोच, आणि वारंवारच्या प्रयत्नांनी आलेली सूज कायम राहते.

आता केस बदला. वजन 62 किलो, लीन वजन 50, मानेला रेडिएशन झालेलं, तोंड 2.5 सेंमी, खालचे दात पुढे येतच नाहीत, मान ताठ. विल्सन: मानेला 2, जबड्याला 2, बेरीज 4. पण निर्णय बेरजेने होत नाही. रेडिएशनमुळे मास्क अवघड, तोंड उघडत नाही म्हणून सुप्राग्लॉटिक अवघड, ताठ त्वचेखाली मेंब्रेन सापडणं अवघड. चारही वाटा एकाच वेळी शंकेत आहेत, म्हणून अवेक इंट्युबेशन, तोंड लहान असल्याने नाकातून फायबरऑप्टिक. ऑक्सिजन सुरुवातीपासून, शक्य असेल तर हाय-फ्लो. टॉपिकल लिडोकेनची मर्यादा लीन वजनावर किलोला 9 मिग्रॅ, म्हणजे इथे 450 मिग्रॅ. 4 टक्के द्रावणात प्रत्येक मिलीमध्ये 40 मिग्रॅ असतं, त्यामुळे सगळा स्प्रे आणि नेब्युलायझर धरून साधारण 11 मिली. एवढ्यात घसा बधिर झाला नाही तर सेडेशन वाढवून भरपाई करायची नाही, कारण या पेशंटचा श्वास थांबला तर तो परत देण्याची खात्रीची वाट नाही.